सावळ्या बाळाची कावीळ: पहिल्या चौदा दिवसांत काय, कुठे आणि कसं पाहायचं

सावळ्या किंवा गव्हाळ बाळाला कावीळ झाली म्हणजे ते पिवळं दिसेलच असं नाही. पुष्कळदा ते जरा उजळ दिसतं, सोनेरी झाक आल्यासारखं. मग पाळण्याशी बसलेली आजी समाधानाने म्हणते, "रंग आजोळावर गेलाय." त्यात भर म्हणजे जन्मतः बाळाचा रंग पुरता उतरलेलाच नसतो. सावळ्या आईबापांचं बाळही पहिले काही दिवस बऱ्यापैकी उजळ असतं, आणि कानाच्या पाळीच्या कडेला किंवा नखांच्या मुळाशी पाहिलं तरच पुढे ते किती सावळं होणार याचा अंदाज येतो. कावीळ चढते तीही नेमक्या याच दिवसांत. रंग बदलतोय हे सगळ्यांना दिसतं, पण का बदलतोय याचं कारण घरात आधीच तयार असतं.

हा लेख त्या पहिल्या चौदा दिवसांबद्दल आहे. बाळंतीण माहेरी असते, डॉक्टर लांब असतात आणि बाळाला दिवसातून दहा वेळा हातात घेणारी माणसं घरातलीच असतात. अंगावरचे पुरळ आणि मुका मार यांचाही काविळीशी संबंध येतो, म्हणून त्या दोन्ही गोष्टी ओघात येतीलच.

पिवळेपणा लपतो कसा

रक्तातल्या लाल पेशी जुन्या झाल्या की फुटतात आणि त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत ते पित्तात सोडतं आणि शीवाटे ते बाहेर जातं. नवजात बाळाच्या लाल पेशी मोठ्या माणसापेक्षा लवकर फुटतात आणि यकृत अजून कामाला सरावलेलं नसतं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ बहुतेक बाळांना होते. पूर्ण दिवसांच्या बाळात ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि दोन आठवड्यांत उतरते.

बिलिरुबिन त्वचेत साठतं आणि त्याच्यावर मेलॅनिनचा तपकिरी थर असतो. हळद दुधात पडली की लगेच कळते, काळ्या चहात पडली तर कळत नाही, तसाच हा प्रकार. गोऱ्या बाळात दर १०० मिलिलिटर रक्तातलं बिलिरुबिन ५ मिलिग्रॅमच्या आसपास गेलं की चेहरा पिवळसर दिसू लागतो. सावळ्या बाळात त्याच पातळीला काहीच दिसत नाही, आणि दिसू लागतं तोवर आकडा बराच वर गेलेला असू शकतो. बिलिरुबिन फार चढलं तर ते मेंदूत शिरतं. त्यातून कायमचा बहिरेपणा आणि हातापायांच्या हालचालींवरचा ताबा जाणं, असं नुकसान होतं, आणि ते भरून येत नाही.

पाहण्याआधीची तयारी

पहिली गोष्ट उजेड. आपल्याकडे बाळंतिणीची खोली मुद्दाम बंद ठेवतात, वारा लागू नये म्हणून खिडकीला पडदा आणि वर पिवळा बल्ब. त्या उजेडात कोणतंही बाळ पिवळं दिसतं, आणि खरोखर पिवळं झालेलं बाळ इतरांसारखंच दिसतं. दिवसा, सकाळी नऊ ते दुपारी चारच्या दरम्यान, बाळाला उघड्या खिडकीपाशी, ओसरीवर किंवा जुनं घर असेल तर राजांगणाच्या कडेला आणा. थेट ऊन अंगावर नको, मोकळ्या आभाळाचा उजेड हवा. पावसाळी दिवस असला तरी चालतं, फक्त भिंतीला किंवा पडद्याला गडद पिवळा-हिरवा रंग नसावा, कारण त्याची झाक अंगावर पडते. अंगावरचे सगळे कपडे काढा. नुसता चेहरा पाहण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट अंगाला लावलेलं. तेल-हळदीचं मालीश आणि डाळीच्या पिठाचं उटणं लावलं तर बाळाच्या अंगावर, विशेषतः मानेच्या, काखेच्या आणि जांघेच्या घड्यांत, पिवळेपणा राहतोच. मग कावीळ नसून असल्यासारखी वाटते. उलटही होतं: कावीळ असते आणि "हळदीचा रंग आहे" म्हणून सोडून दिली जाते. म्हणून पहिले चौदा दिवस हळद आणि पीठ बंद ठेवा, साध्या खोबरेल तेलाने काही बिघडत नाही. काजळही नको. डोळ्याचा पांढरा भाग पाहण्याच्या जागी काळी रेघ असली तर पाहणार काय? न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईला हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं बरं, नाहीतर त्या आपल्या सवयीने लावून मोकळ्या होतात.

मोबाईलवर फोटो काढून पाठवण्याबद्दल एक शब्द. फोन स्वतःच रंग दुरुस्त करतो आणि पिवळेपणा पुसून टाकतो. फोटो पाहून "ठीक दिसतंय" असं कुणी म्हणालं, तर त्यावर विसंबू नका.

पाहायचं कुठे

ज्या जागी मेलॅनिन कमी असतं, तिथे पाहायचं. बाळ रडेल तेव्हा तोंडात पाहा: हिरड्या, जिभेखालचा भाग आणि तोंडाच्या आतलं छत. स्वच्छ धुतलेल्या बोटाने वरची हिरडी दोन सेकंद दाबा आणि सोडा. रक्त बाजूला सरून क्षणभर ती फिकट होते. ती पांढुरकी दिसली तर बरं, लोण्यासारखी पिवळी दिसली तर कावीळ आहे. हीच युक्ती नाकाच्या शेंड्यावर, छातीच्या मधल्या हाडावर आणि गुडघ्याखाली करता येते, पण सावळ्या त्वचेवर हिरडीइतकं स्पष्ट उत्तर तिथे मिळत नाही.

मग डोळे. बाळ जागं असताना त्याला जरा उभं धरलं की ते आपणहून डोळे उघडतं. बोटांनी पापण्या ताणू नका. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. मोठ्या माणसात डोळे आधी पिवळे होतात, नवजात बाळात ते उशिरा होतात. त्यामुळे डोळे पांढरे आहेत म्हणून कावीळ नाही असं म्हणता येत नाही. पण डोळे पिवळे दिसलेच, तर बिलिरुबिन आधीच चांगलं चढलेलं असतं आणि त्याच दिवशी रक्त तपासायला हवं.

शेवटी तळहात आणि तळपाय. बाळाच्या तळव्याशेजारी आईचा तळहात ठेवून पाहा. आईचा गुलाबी आणि बाळाचा पिवळा, असा फरक दिसला तर थांबू नका. कावीळ चेहऱ्याकडून पायांकडे उतरत जाते, म्हणून तळव्यांपर्यंत पोचली याचा अर्थ ती बरीच वाढली आहे. पण "पिवळेपणा छातीपर्यंतच आहे म्हणजे कमी आहे" असा उलटा हिशेब करू नका. ही मोजपट्टी १९६९ सालापासून वैद्यकात शिकवली जाते, आणि नुसत्या नजरेने आकडा ठरवायला ती कोणत्याच रंगाच्या बाळात भरवशाची नाही. सावळ्या बाळात तर नाहीच नाही.

रंगाइतकाच उपयोग लंगोटाचा होतो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून बाळाने दिवसात सहा-एक वेळा तरी शू करायला हवी आणि ती पाण्यासारखी असावी. शी मोहरीसारखी पिवळी हवी. शूचे पिवळे डाग लंगोटावर पडत असतील किंवा शी पांढुरकी होत असेल, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. बाळ पाजायला उठत नसेल, छातीला लावताच झोपत असेल, हे तर रंगापेक्षाही महत्त्वाचं. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणं होत नसेल तर कावीळ चढते, आणि चढलेली कावीळ बाळाला आणखी सुस्त करते.

मुका मार आणि काविळीचं नातं

व्हॅक्यूम किंवा चिमटा लावून बाळंतपण झालं, की बाळाच्या डोक्याला मार बसलेला असू शकतो. गोऱ्या बाळात तो जांभळा दिसतो. आपल्या बाळात दाट काळे केस आणि सावळी टाळू असते, त्यामुळे रंग दिसतच नाही. तिथे हाताने तपासायचं. बोटांच्या पोटांनी दोन्ही बाजू सावकाश चाचपा. एका बाजूला मऊ, पाणी भरल्यासारखा फुगवटा लागला आणि तो एकाच हाडाच्या हद्दीत थांबत असेल, तर तिथे हाड आणि त्यावरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठलं आहे. बहुतेक वेळा ते काही आठवड्यांत आपोआप जिरतं. त्याला शेकू नका, चोळू नका.

पण जिरतं म्हणजे ते रक्त फुटून त्याचं बिलिरुबिन होतं. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमधून सुमारे ३५ मिलिग्रॅम बिलिरुबिन निघतं, आणि नवजात यकृतासाठी ही भर लहान नाही. म्हणून डोक्यावर असा फुगवटा असलेल्या बाळाकडे काविळीच्या दृष्टीने जास्त लक्ष ठेवायचं.

कमरेवर आणि ढुंगणावर दिसणारे निळे-करडे डाग मात्र मार नव्हेत. आपल्या बाळांत ते सर्रास असतात. दाबलं तर दुखत नाही, आठवड्याभरात रंग बदलत नाही, आणि काही वर्षांत आपोआप फिके होतात. जन्मल्यावर दवाखान्याच्या कार्डावर त्यांची नोंद करून घ्या आणि तारखेसह एक फोटो ठेवा. परदेशात असलेल्या नातेवाइकांनी तर हे विसरूच नये, कारण तिथे हे डाग पाहून बाळाला मारलंय असा संशय घेतल्याच्या घटना झाल्या आहेत. खरा मुका मार दोन-चार दिवसांत रंग बदलतो. सावळ्या अंगावर तो गडद तपकिरी किंवा काळपट दिसतो आणि शेवटची पिवळी-हिरवी छटा जवळजवळ कळत नाही, त्यामुळे दुखणं आणि सूज यांवरूनच तो ओळखावा लागतो.

पुरळ: कोणते सोडायचे, कोणते नाही

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुष्कळ बाळांच्या अंगावर बारीक फोड येतात. पुस्तकातल्या चित्रात भोवती लालभडक वर्तुळ असतं. सावळ्या बाळात ते वर्तुळ दिसत नाही, फक्त पांढुरके दाणे दिसतात आणि फार तर भोवतीची त्वचा जरा गडद वाटते. बाळ नीट पीत असेल, ताप नसेल, तर हे चार-पाच दिवसांत जातात. काही बाळांत ते फुटून तपकिरी ठिपके राहतात, तेही काही आठवड्यांत पुसट होतात.

दुर्लक्ष करू नये असे पुरळ म्हणजे टाचणीच्या टोकाएवढे जांभळट ठिपके. ते रक्ताचे असतात. पारदर्शक काचेच्या पेल्याची बाजू त्यांच्यावर दाबली तरी ते जात नाहीत. सावळ्या हातावर ते दिसणं कठीण, म्हणून तळपाय, तळहात, तोंडातलं छत आणि खालच्या पापणीची आतली बाजू पाहा. बाळंतपणात गळ्याभोवती नाळ असली तर नुसत्या चेहऱ्यावर असे ठिपके येऊ शकतात. पण ते इतर ठिकाणी असतील किंवा वाढत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर. पावसाळ्यात डेंगीच्या साथीत घरातल्या मोठ्या माणसांनाही याच जागा तपासायच्या, दंड आणि पाठ पाहून काहीच कळत नाही.

पुस्तकांत हे का नव्हतं

गोव्यात पाश्चात्त्य वैद्यक १८४२ सालापासून शिकवलं जातं. पणजीच्या त्या जुन्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेतूनच पुढे आजचं बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज झालं. समोरचे रुग्ण पहिल्या दिवसापासून सावळे, पण रोगांची वर्णनं युरोपातल्या रुग्णांवरून लिहिलेली. पुस्तकात फोटो येतात ते ज्या रुग्णालयात लेखक काम करतो तिथले. नवी आवृत्ती निघाली की जुने फोटो तसेच पुढे जातात. उत्तर अमेरिकेतल्या वैद्यकीय शिक्षणात वापरली जाणारी चार पुस्तकं घेऊन त्यांतली ४,००० हून अधिक चित्रं कुणी मोजली, तेव्हा २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ७४.५ टक्के चित्रांतली त्वचा उजळ होती, गडद फक्त ४.५ टक्क्यांत.

मापनाच्या पद्धतीतही तेच. जन्मल्याबरोबर बाळाला गुण देण्याची व्हर्जिनिया अपगार यांची पद्धत १९५२ सालची, आणि त्यात रंगाचे पूर्ण गुण "सगळं अंग गुलाबी" असेल तरच. त्वचेचे प्रकार ठरवणारी फिट्झपॅट्रिक यांची श्रेणी १९७५ साली आली तेव्हा ती गोऱ्यांपुरतीच होती, तपकिरी आणि काळी त्वचा तिच्यात नंतर घातली गेली. २०२० साली लंडनमधल्या मालोन मुकवेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या शिक्षकांबरोबर काळ्या आणि तपकिरी त्वचेवरच्या लक्षणांची पुस्तिका काढली, कारण वर्गात त्याला सतत गोऱ्या त्वचेवरचीच चित्रं दिसत होती. मला खटकतं ते वेगळंच. आपल्याकडच्या अनुभवी परिचारिका हिरडी दाबून कावीळ ओळखत आल्या, पण ते ज्ञान वॉर्डातच राहिलं. परीक्षेत विचारलं जात नव्हतं, मग पुस्तकात कशाला येईल?

एक बाळ, पहिल्यापासून शेवटपर्यंत

समजा, डिचोलीचं एक बाळ. ३७ आठवड्यांचं, व्हॅक्यूमने जन्मलेलं, आई ओ पॉझिटिव्ह, बाळ बी पॉझिटिव्ह. तिसऱ्या दिवशी घरी आलं. चौथ्या दिवशी आजीला वाटलं, बाळ उजळलंय. आईला वाटलं, फार झोपतंय. खिडकीपाशी आणून हिरडी दाबली तर पिवळी, तळवे पिवळसर, डाव्या बाजूला डोक्यावर मऊ फुगवटा.

इथे तीन कारणं एकत्र आली आहेत: दिवस थोडे कमी, डोक्याच्या हाडावर साठलेलं रक्त, आणि आई-बाळाच्या रक्तगटातला फरक, ज्यामुळे बाळाच्या पेशी जास्त फुटतात. चौथं कारण घरात शोधावं लागतं. काही बाळांत जी-६-पीडी नावाच्या द्रव्याची जन्मजात कमतरता असते. अशा बाळाला डांबरगोळ्या घातलेल्या पेटाऱ्यातली दुपटी, कुंची वापरली तर त्या वासानेही लाल पेशी भराभर फुटू शकतात. जुने कपडे वापरायचेच तर डांबरगोळ्यांतून काढलेले नकोत.

दवाखान्यात कपाळाला किंवा छातीला लावायचं एक यंत्र असतं, सुई न टोचता आकडा देतं. चाळणी म्हणून ते चांगलं, पण मेलॅनिनमुळे गडद त्वचेवर त्याचा अंदाज चुकतो, बहुधा जास्तीच्या बाजूला. आकडा उपचाराच्या रेषेजवळ आला की रक्ताचीच तपासणी करायची. समजा, या बाळाचं ९० तासांचं बिलिरुबिन १८.६ मिलिग्रॅम आलं. हे जास्त की कमी? ते बाळाच्या वयाच्या तासांवर आणि आठवड्यांवर ठरतं. ब्रिटनच्या तक्त्यात ३८ आठवड्यांच्या पुढच्या बाळाला ९६ तासांनंतर निळ्या बत्तीखाली ठेवण्याची रेषा साधारण २०.५ आहे, ३७ आठवड्यांच्या बाळाला ती १५.८ आहे. म्हणजे शेजारच्या बाळाला घरी पाठवलं त्याच आकड्याला या बाळाला बत्तीखाली ठेवायला हवं. आपल्या रुग्णालयात तक्ता वेगळा असू शकतो, पण "वय किती तास धरलंत?" हा प्रश्न कुठेही विचारता येतो.

निळा उजेड त्वचेतल्या बिलिरुबिनचं रूप बदलतो आणि ते यकृताची वाट न पाहता बाहेर पडतं. बत्ती सुरू केल्यावर चार ते सहा तासांनी रक्त पुन्हा तपासतात. या काळात बाळाचा रंग पाहून काहीही ठरवू नये, कारण उजेडाने त्वचेचा पिवळेपणा आधी जातो, रक्तातला मागे राहतो. डोळे झाकलेले असतात, पाजायला अर्ध्या तासापर्यंत बाहेर काढता येतं. बत्ती बंद केल्यावर १२ ते १८ तासांनी आकडा परत चढला नाही ना, हे पाहायचं. घाईने डिस्चार्ज मागू नका.

कोवळं ऊन हा या बत्तीचा पर्याय नाही. उन्हातून किती निळा उजेड मिळतो हे मोजता येत नाही, आणि तेवढ्यात बाळ तापतं किंवा गारठतं. साखरेचं पाणी, गुटी किंवा काविळीची माळ यांनी बिलिरुबिन उतरत नाही, दिवस मात्र जातात.

कधी थांबायचं नाही

पहिल्या २४ तासांत दिसलेली कोणतीही कावीळ, कितीही फिकी असली तरी, लगेच तपासायची. बाळ ढिलं पडलं, तीक्ष्ण आवाजात रडू लागलं, मान आणि पाठ मागे ताणू लागलं किंवा पाजायला उठेना, तर रक्ताचा आकडा यायची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

आणि चौदा दिवसांनंतरही हिरड्या पिवळ्या असतील, तर "आईच्या दुधाची कावीळ आहे, जाईल" एवढ्यावर सोडू नका. बहुतेकदा ते खरंही असतं, पण त्याआधी डॉक्टरांना एकूण बिलिरुबिनबरोबर 'डायरेक्ट बिलिरुबिन'ही तपासायला सांगा. तो १ मिलिग्रॅमहून जास्त असेल आणि शी खडूसारखी पांढरी असेल, तर पित्तनलिका बंद असण्याची शक्यता असते. तिची शस्त्रक्रिया बाळ ६० दिवसांचं होण्याआधी झाली तर गुण येण्याची शक्यता जास्त. पांढऱ्या शीचा लंगोट न धुता पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यावा, वर्णनापेक्षा तो पाहिलेला बरा.